चार कुणाचे?

‘उद्या चारला जमेल?’ ‘चार तुमचे की आमचे?’ कॅलेंडलीची लिंक पाठवायला लागल्यापासून हा खेळ थांबला. माझी दुपारी ३ ते ६ ही वेळ लंडनच्या माणसाला उन्हाळ्यात साडेदहापासून दिसते, हिवाळ्यात साडेनऊपासून. तिकडची घड्याळं बदलली तरी हिशेब लिंकच सांभाळते. मात्र किमान ४ तासांची पूर्वसूचना लावून ठेवावी लागते, नाहीतर जेवताना कळतं की दहा मिनिटांत कॉल आहे! बुकिंगच्या फॉर्ममध्ये मी एकच प्रश्न ठेवलाय: नेमकं काय करून हवंय? तिथे नुसतं ‘बोलू या’ लिहिणारे बहुधा कॉलला उगवतच नाहीत. आणि हो, कोरडी लिंक फेकू नका. काहींना ती उद्धट वाटते. सोबत सोयीच्या दोन वेळा स्वतः सुचवा.