नऊ हजार आठशे नेमके कशाचे?

२०२५ च्या जयंतीनंतरच्या बैठकीत आमच्यातल्या एकाने मोबाईल सगळ्यांना दाखवला. फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेब कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले होते. त्यावरचा आमचा चाळीस सेकंदांचा शॉर्ट ९,८०० वर गेला होता. आदल्या जयंतीचा ३,४०० वर थांबला होता. "तिप्पट लोक जोडले! आता गावोगावच्या बैठका कशाला? तो पैसा एडिटिंगला लावू." खरं सांगायचं तर आम्हीही माना डोलावल्या.

ठराव लिहिण्याआधी यूट्यूब स्टुडिओ उघडला, हे बरं झालं.

३१ मार्च २०२५ पासून यूट्यूबने शॉर्ट्सची मोजणी बदलली. आधी थोडा वेळ पाहिल्यावरच व्ह्यू धरला जायचा. आता क्लिप सुरू झाली की एक व्ह्यू, आणि पुन्हा फिरली की आणखी एक. अंगठ्याने लगेच वर सरकवली तरी तो व्ह्यू जमाच. जुन्या पद्धतीचा आकडा Engaged views या नावाने आत ठेवलाय. म्हणजे जयंतीच्या दोनच आठवडे आधी मापच बदललं होतं आणि आम्ही नव्या मापाची तुलना जुन्याशी करत होतो. या वर्षीचे Engaged views होते ३,१००. तिप्पट कुठलं, उलट तीनशे कमी!

फीडमध्ये क्लिप ९,००० वेळा दाखवली गेली होती. त्यातले ३४ टक्के वेळा ती पाहिली गेली, ६६ टक्के वेळा सरकवली गेली. म्हणजे जवळजवळ सहा हजार वेळा बाबासाहेबांचं नाव येण्याआधीच अंगठा फिरला.

"मग रीच बघा, तो तर माणसं मोजतो," असं एकजण म्हणाला. इन्स्टाग्रामवर तीच क्लिप ३,५०० वेळा चालली होती, रीच २,६०० होता. रीचमध्ये एक खातं एकदाच धरतात, त्यामुळे पुन्हा पाहिल्याची फुगवटी निघून जाते. पण सरकवून गेलेला त्यातही असतोच. शिवाय खातं म्हणजे माणूस नव्हे. आमच्यातल्याच एकाची तीन खाती आहेत, आणि वस्तीत एका फोनवर चौघं बघतात.

एवढं मात्र मान्य करू की सरकवणारा प्रत्येकजण विचार नाकारत नाही. फीड कुठल्याही अनोळखी माणसापुढे क्लिप टाकतं, आणि त्याला कसबे तडवळे कुठे आहे हेही ठाऊक नसेल. पण प्रेक्षक टिकल्याचा आलेख पाहिला तर पहिल्या तीन सेकंदांतच कडा कोसळावा तशी रेघ खाली आलेली. त्या तीन सेकंदांत काय होतं? आमच्या मंडळाचं फिरतं बोधचिन्ह! जे शेवटपर्यंत थांबले, त्यांची रेघ पुढे बरीच सपाट होती. म्हणजे विषय जड नव्हता, दाराशीच आम्ही आडवे उभे होतो.

ठराव झाला नाही. बोधचिन्ह शेवटी नेलं. क्लिप आता परिषदेच्या गावापासूनच सुरू होते. पुढच्या बैठकीच्या वहीत आकड्याचा रकाना एकच ठेवलाय, Engaged views चा.