डबा घेऊ का?

दौंडच्या मामेभावाचा मागच्या आठवड्यात फोन आला. प्रश्न एका वाक्याचा होता: "दादा, जिमवाला म्हणतोय कटमध्ये व्हे आणि क्रिएटिन लागतंच, नाहीतर सगळे मसल जातील. घेऊ का?" दोन्हीचं मिळून बिल पाच हजारांच्या वर जात होतं आणि ते भरणार होता मामा, ज्याला हा डबा नेमका कशाचा आहे हेही माहीत नव्हतं. म्हणून फोनवर हो-नाही न म्हणता शनिवारी शिरूरहून न्हावरा, चौफुला, पाटस करत दौंडला गेलो आणि वही घेऊन बसलो. (इंजिनियर माणूस, हिशोब मांडल्याशिवाय चैन पडत नाही.)

गडी २३ वर्षांचा, वजन ८४ किलो. राज्य राखीव पोलीस दलाच्या भरतीची तयारी चालू आहे. दौंडला दलाचे गटच असल्यामुळे तिथल्या निम्म्या पोरांचं हेच स्वप्न असतं. त्याला ७४ किलोवर यायचंय. आठवड्यातून तीन दिवस जिम, बाकी दिवस धावणं. घरात सोमवार, गुरुवार, शनिवार अंडी-मटण बंद. हे 'वार' पुढे हिशोबात येणार आहेत, लक्षात ठेवा.

आधी भीतीचं बघू. वजन उतरवताना स्नायू जातात का? जाऊ शकतात. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचा २०१६ सालचा एक प्रयोग मला फार आवडतो. ४० जाड तरुण घेतले, त्यांना गरजेपेक्षा ४० टक्के कमी कॅलरी दिल्या आणि चार आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, जाम व्यायाम करून घेतला. अर्ध्यांना वजनाच्या दर किलोमागे २.४ ग्रॅम प्रोटीन, अर्ध्यांना १.२. जास्तवाल्यांची चरबी ४.८ किलो उतरली आणि चरबी सोडून उरलेलं वजन १.२ किलोने वाढलं. कमीवाल्यांची चरबी ३.५ किलो उतरली, आणि स्नायूंचं काय झालं? काही नाही. जिथल्या तिथे राहिले.

दुकानदार पहिला आकडा सांगतात, दुसरा कुणी सांगत नाही. इतक्या कडक उपाशीपणातही १.२ ग्रॅम आणि वजनं उचलणं एवढ्यावर स्नायू टिकले. म्हणजे राखणदार व्यायाम आहे आणि प्रोटीन त्याची शिदोरी. शिदोरी डब्यातून येते की ताटातून, ते शरीर विचारत नाही.

मग किती लागतं? २०१८ साली ४९ अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात असं दिसलं की किलोमागे साधारण १.६ ग्रॅमच्या पुढे सरासरी फायदा वाढत नाही. ते अभ्यास कटमधल्या लोकांचे नव्हते, त्यामुळे कटमध्ये थोडं जास्त धरावं असं काहीजण म्हणतात. पण जाड माणसाने आजच्या वजनाने गुणू नये. चरबीला प्रोटीन लागत नाही, म्हणून ध्येयाच्या वजनाने गुणायचं. ७४ गुणिले १.६ म्हणजे ११८. आपण ११० ते १२० धरलं.

आता ताट. मामी समोर बसून सांगत होती, मी लिहीत होतो. सकाळी पोहे ६ ग्रॅम. दिवसभरातला चहा ३. दुपारी तीन चपात्या १०, भाजी ३, पातळ आमटी ४. संध्याकाळी बिस्किटं २. रात्री ज्वारीच्या दोन भाकऱ्या १३, पिठलं ६, भात ३, ताक ३. बेरीज ५३.

मामीला वाईट वाटलं. "एवढं करून घालते मी..." मी म्हणलं, मामी, दोष तुझा नाही, आमटीतल्या पाण्याचा आहे. निम्म्या महाराष्ट्राचं ताट असंच असतं. पोट भरतं, चव असते, पण प्रोटीन किलोमागे पाऊण ग्रॅमच्या आतबाहेर.

भोक ६० ग्रॅमच्या आसपासचं. मामीने लगेच शेंगदाणे सुचवले, आणि खरी गंमत इथेच आहे. १०० ग्रॅम शेंगदाण्यात २५ ग्रॅम प्रोटीन असतं, पण सोबत पावणेसहाशे कॅलरीही येतात. तेवढंच प्रोटीन तुरीच्या डाळीतून घ्यायचं तर कोरडी डाळ ११० ग्रॅम, म्हणजे पावणेचारशे कॅलरी. सोयाबीनच्या वड्यांतून १६० ते १७०. व्हेच्या एका चमच्यातून १२०. व्हेची सगळी जादू म्हणजे ही एवढीच: कमी कॅलरीत जास्त प्रोटीन, आणि शिजवायची कटकट नाही. चरबी जाळण्याचा कुठलाही गुण त्यात वेगळा नाही.

आम्ही काय केलं? पोह्यांच्या जागी चार अंडी, म्हणजे २४. रोज कोरड्या ५० ग्रॅम सोयावड्या, २६. साय काढलेलं दूध अर्धा लिटर, १७. पोहे, बिस्किटं आणि रात्रीचा भात गेला, त्याचे ११ वजा. आता बेरीज १०९. कॅलरी जवळजवळ पूर्वीइतक्याच राहिल्या, कारण जेवढं काढलं तेवढंच घातलं. त्यामुळे तूट फोडणीच्या तेलातून, चहातल्या साखरेतून आणि एका चपातीतून काढायची. सोयावड्या पहिल्याच दिवशी ५० ग्रॅम खाऊ नयेत, पोट फुगतं. २५ पासून सुरू करून आठवड्याभरात वाढवायच्या.

राहिले तीन वार. त्या दिवशी अंडी गेली की बेरीज ८५ वर येते. किलोमागे १.१५. हेही काही आभाळ कोसळण्यासारखं नाही, पण भरून काढायचंच असेल तर व्हेचा एक चमचा इथे बरोबर बसतो. म्हणजे महिन्याला १३ चमचे. किलोच्या डब्यात ३३ भरतात, तो अडीच महिने पुरतो. दुकानदार त्याला रोज दोन चमचे सांगत होता! तेव्हा दर महिन्याला दोन डबे लागले असते.

मामाचा एक प्रश्न मात्र अस्सल होता. पनीरवाल्यांकडे पिवळट पाणी बादल्यांनी निघतं, तेच व्हे ना, मग ते का नाही प्यायचं? तर व्हे म्हणजे दूध फाटल्यावर उरणारं पाणीच, पण पावडर बनते ती मुख्यतः चीजच्या पाण्यातून. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात मंचरला पराग मिल्क फूड्सचा चीजचा कारखाना आहे आणि तीच कंपनी अवतार नावाने व्हे पावडर विकते. चीज करताना दूध फार तापवत नाहीत, त्यामुळे हे प्रोटीन पाण्यात उतरतं. पनीरसाठी दूध उकळीच्या जवळ नेतात, तेव्हा ते बिघडून पनीरलाच चिकटतं. पाण्यात लिटरला जेमतेम चार-पाच ग्रॅम उरतं. कणीक भिजवायला छान आहे, फेकू नका. पण २४ ग्रॅमसाठी पाच लिटर पाणी पिणार कोण?

डबा घेणारच असाल तर एक लबाडी माहीत असू द्या. तपासणीत प्रोटीन थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजून त्याला ठरलेल्या आकड्याने, सहसा ६.२५ ने, गुणतात. मग काही बनवणारे स्वस्त ग्लायसिन किंवा टॉरिन मिसळतात, त्यातही नायट्रोजन असतो. आणि ऐका, क्रिएटिनमध्ये तर वजनाच्या ३२ टक्के नायट्रोजन आहे, म्हणजे एक ग्रॅम क्रिएटिन यंत्राला दोन ग्रॅम प्रोटीन वाटतं. म्हणून 'व्हेमध्येच क्रिएटिन फुकट' असं लिहिलेला डबा मी खाली ठेवतो. २०२४ साली भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या गेल्या, तेव्हा सुमारे ७० टक्क्यांवर लिहिलेलं प्रोटीन आणि आतलं प्रोटीन जुळत नव्हतं. त्याच वर्षी राष्ट्रीय पोषण संस्थेने आपल्या आहार मार्गदर्शिकेत अशा पावडरी टाळा असंच सांगितलं. मला ते जरा सरसकट वाटतं, पण आपला बाजार बघता कारण कळतं.

आता क्रिएटिन. याच्यामागे पुरावा भक्कम आहे, फक्त तो वेगळ्याच गोष्टीचा आहे. क्रिएटिन स्नायूंत साठतं आणि दहा-पंधरा सेकंदांच्या जोरदार कामात इंधन पटकन परत भरतं. बेंचवर एखाद-दुसरा रॅप जास्त निघतो, इतकंच. चरबी ते जाळत नाही. रोज ३ ते ५ ग्रॅम साधं मोनोहायड्रेट पुरे. सुरुवातीला रोज २० ग्रॅमचा मारा करायची गरज नाही, रोज ३ ग्रॅमनेही महिन्याभरात साठा तेवढाच भरतो.

पण स्नायूंसोबत ते पाणी धरतं. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत काटा किलोभर वर जाऊ शकतो. रोज ५०० कॅलरींची तूट केलीत तर आठवड्याला जेमतेम अर्धा किलो उतरणार, त्यात हे किलोभर पाणी आलं की काटा उलटा फिरतो आणि माणूस घाबरून जेवण आणखी कापतो. क्रिएटिन चालू असेल तर बेंबीपाशी कंबर मोजायची. काटा वर आणि टेप खाली असेल तर ते पाणीच. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाने २०२५ मध्ये हेच वेगळं करून दाखवलं. व्यायामाआधी नुसतं आठवडाभर क्रिएटिन दिलं तर 'चरबीविरहित वजन' अर्धा किलो वाढलेलं दिसलं, पण पुढच्या १२ आठवड्यांच्या व्यायामात क्रिएटिनवाले आणि बिनक्रिएटिनवाले दोघांचीही वाढ सारखीच, साधारण दोन किलो.

मामेभावाला मी नको म्हणालो. त्याच्या भरतीत १०० मीटर आणि गोळाफेक आहे, तिथे क्रिएटिनचा थोडा फायदा होईलही. पण पाच किलोमीटर धावायचं आहे आणि त्याचं घोडं तिथेच अडलंय. किलोभर जास्त पाणी अंगावर घेऊन पळण्यात काय अर्थ आहे? हाच जर वजनं उचलणारा, पूर्ण शाकाहारी असता तर मी घे म्हणालो असतो. शाकाहारी लोकांच्या स्नायूंत साठा मुळातच कमी असतो, त्यांना फरक जास्त जाणवतो. आणि जो फक्त चालतो, जिमला जातच नाही, त्याने क्रिएटिन बिनधास्त सोडावं. तसंच ताटातून ११०-१२० ग्रॅम येत असेल त्याने व्हे सोडावं, काही बिघडत नाही.

किडनीचा आजार आधीच असेल तर दोन्हीच्या वाटेला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. निरोगी माणसाच्या किडनीला ३ ते ५ ग्रॅम क्रिएटिनने इजा झाल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. पण रक्त तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं येऊ शकतं, कारण क्रिएटिनचंच शेवटी क्रिएटिनिन होतं. डॉक्टरांना डबा चालू आहे हे आधी सांगा. शंका राहिलीच तर सिस्टॅटिन सी नावाची दुसरी तपासणी असते, तिच्यावर क्रिएटिनचा असा परिणाम होत नाही. भावाला भरतीच्या वैद्यकीय तपासणीला उभं राहायचंय, तेव्हा हेही एक कारण त्याच्या वहीत लिहून दिलं.