तीन पिढ्या, एक सायकल

देवळाली प्रवरातल्या उसाच्या पट्ट्यात रात्रीची जेवणं उरकली, की घराघरात एकच वाद रंगतो: आज बघायचं काय? आजीला जुनं हवं असतं, नववीतल्या नातवाला मारधाड आणि पाच वर्षांच्या नातीला कार्टून. त्यातून मोटारीची लाइट रात्रीची असली, तर आजोबा मध्येच उठून शेताकडे जाणार, हे ठरलेलं.

अशा वेळी हात सवयीने ‘अशी ही बनवाबनवी’कडे जातो. 1988 सालचा हा सिनेमा आजी आणि नातू दोघांनाही पाठ असतो. धाकटी मात्र साडी नेसलेल्या बाप्यांना हसते आणि पुढच्या शाब्दिक कोट्यांत पेंगते. ‘झपाटलेला’त तिला बाहुला दिसतो खरा, पण तो तात्या विंचू असतो. मग रात्री दिवा घालवू देत नाही.

परेश मोकाशींचा ‘एलिझाबेथ एकादशी’ (2014) इथे कामाला येतो. गोष्ट पंढरपूरची. वडील वारलेले, आई मशीनवर स्वेटर विणून घर चालवते. कर्ज थकतं, मशीन जप्त होतं. ते सोडवायचं, तर वडिलांनी बनवलेली लाडकी सायकल विकावी लागणार. तीच एलिझाबेथ. ती वाचवायला ज्ञानेश, त्याची बहीण मुक्ता आणि दोस्त एकादशीच्या यात्रेत बांगड्यांचा ठेला लावतात, तेही आईच्या चोरून.

धाकटीला कर्ज कळत नाही, जप्तीही नाही. पण सायकल जाणार, हे लगेच कळतं आणि तेवढ्यावर ती शेवटपर्यंत बसून राहते. नातवाचा जीव अडकतो चोरट्या धंद्यात: गिऱ्हाईक येईल का, आईला पत्ता लागेल का? आजीचं लक्ष सुनेच्या वयाच्या त्या एकट्या बाईवर असतं. शिवाय निवृत्तिनाथांची पालखी नगर जिल्ह्यातून जाताना पाहिलेल्या माणसाला पंढरीची गर्दी परकी वाटत नाही. तिघांचे प्रश्न निराळे, पण तिघांची नजर एकाच सायकलवर.

सिनेमा निवडताना हीच खूण शोधावी. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत धाकट्या पोराला ‘त्यांना काय पाहिजे?’ असं विचारावं. एका वाक्यात उत्तर आलं, तर गाडी पुढे जाईल. ‘यू’ प्रमाणपत्र मुलांना दाखवायला हरकत नाही एवढंच सांगतं. मुलं रमतील का, हे सांगत नाही. अक्षरं न वाचता येणारं पोर आणि चष्मा शोधणारे आजोबा घरात असले, तर खालच्या पट्टीवर भाषांतर वाचायचे सिनेमे बाजूला ठेवावेत. लांबीही बघावी. ‘एलिझाबेथ’ दीड तासाच्या आसपास आटोपतो, म्हणजे मुलं वेळेवर झोपतात.

पुढच्या शनिवारी मोकाशींचाच ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ लावता येईल. त्यात सिनेमाच्या नादापायी दादासाहेब फाळक्यांच्या घरातलं सामान विकायला निघतं. आजी फाळक्यांच्या बायकोची बाजू घेणार, हे उघड आहे.