वास गेला म्हणजे गॅस गेला असं नाही

गेल्या शनिवारी एका साखर कारखान्यात निरोप समारंभाला गेलो होतो. बातमीसाठी नाही, घरचा माणूस म्हणून. निवृत्त होणारे सेफ्टी सुपरवायझर माझ्या वडिलांचे मित्र, मी त्यांना लहानपणापासून काका म्हणतो. कारखान्याचं नाव इथे देत नाही आणि काकांचंही नाही. का, ते पुढे वाचताना कळेल.

कार्यक्रम नेहमीचाच होता. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ, "आपल्या जाण्याने पोकळी निर्माण झाली आहे" वगैरे. हंगाम संपून ओव्हरहॉलिंग सुरू आहे, त्यामुळे मागच्या खुर्च्यांवर ठेकेदाराकडची वीस-बावीस वर्षांची पोरं होती. निम्म्यांच्या माना मोबाईलमध्ये. एमडी साहेब बोलले, युनियनवाले बोलले. मग काका उठले आणि त्यांनी माईक स्टँडवरून काढून सरळ मागच्या रांगांकडे नेला.

"साहेबांनी सांगितलं की माझ्या एकतीस वर्षांत माझ्या हाताखाली एकही माणूस गेला नाही. ते खरं आहे. पण ते माझ्यामुळे नाही. एक दिवस एक पोरगा जाणारच होता, आणि त्या दिवशीच्या परमिटवर सही माझी होती. आज तेवढंच सांगून खाली बसतो."

मोबाईल खाली गेले.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. टाकी, खड्डा, बॉयलरचा ड्रम अशा बंदिस्त जागेत माणूस उतरवायचा तर आधी आतली हवा तपासावी लागते. काकांची नोकरी ज्या कायद्याखाली गेली त्या १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ३६ यासाठीच होतं. आत धोकादायक वायू असण्याची शक्यता असेल, तर जाणकार माणसाने स्वतः तपासणी करून लेखी दाखला द्यायचा. नाहीतर उतरणाऱ्याने श्वासाचं उपकरण लावायचं आणि कमरेच्या पट्ट्याला दोर बांधायचा, ज्याचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असेल. कायद्यातले महत्त्वाचे शब्द दोनच: "स्वतः" आणि "हातात".

काकांची गोष्ट डिस्टिलरीच्या सांडपाण्याच्या टाकीची. बरीच वर्षं झाली. टाकी रिकामी केलेली, पण तळाला गुडघाभर गाळ. आत उतरून तो फावड्याने बादलीत भरायचा आणि वरच्याने दोराने ओढायचा. काम सात-आठ दिवसांचं. परमिट एकाच पाळीपुरतं चालतं, रोज सकाळी नवीन तपासणी, नवीन कागद.

"पहिल्या दिवशी मी अगदी पुस्तकाप्रमाणे केलं," काका म्हणाले. "आदल्या रात्रीपासून ब्लोअर लावला. मीटरला नळी जोडून टाकीत सोडली. वर, मध्ये आणि तळाला, प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं थांबलो, कारण नळीतून हवा वर यायला आणि आकडा स्थिर व्हायला वेळ लागतो. ऑक्सिजन वीस पॉइंट नऊ, बाकी सगळे शून्य. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी मी फक्त वरच्या तोंडाशी मीटर धरला. पाचव्या दिवशी मीटर हातात होता, पण बोलता बोलता बघितला. सातव्या दिवशी मीटर ऑफिसच्या कपाटातच राहिला. मी टेबलावर बसून आदल्या दिवसाचे आकडे उतरवले आणि सही केली. पोरांनो, मी कामचुकार नव्हतो. त्या दिवशी दुसऱ्या तीन परमिटांवर मी उन्हात उभा होतो. या टाकीची मला फक्त सवय झाली होती."

सातव्या दिवशी दोन गोष्टी बदलल्या होत्या. रात्री लाईट गेली आणि ब्लोअर बंद पडला. लाईट आल्यावर तो कुणी चालू केला नाही. आणि सहा दिवस मधला पातळ गाळ काढून झाल्यावर पोरगा कोपऱ्यात गेला, जिथे इनलेटच्या पाइपाखाली जुना, घट्ट थर होता.

हा भाग काकांनी सावकाश सांगितला. अशा गाळात हवा पोचत नाही, तिथे जंतू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. तो वायू हवेत मोकळा नसतो, गाळाच्या पोटात अडकून असतो. म्हणून सकाळी मीटर शून्य दाखवू शकतो आणि फावडं घातल्यावर हलवलेल्या सोड्याच्या बाटलीसारखा गॅस बाहेर येतो. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे तळाशीच बसतो. आणि गाळ उपसणारा माणूस वाकलेला असतो, त्याचं तोंड नेमकं तिथेच.

"त्याला पहिल्यांदा वास आला. सडक्या अंड्यासारखा. तो ओरडला, 'लई वास मारतोय.' वरचा म्हणाला, 'मग वर ये.' तो म्हणाला, 'थांब, दोन बादल्या राहिल्यात.' थोड्या वेळाने तोच म्हणाला, 'गेला वास, आता बरं हाय.'"

काका इथे थांबले. मग विचारलं, "वास गेला म्हणजे काय झालं?"

पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "गॅस कमी झाला."

"नाही. गॅस वाढला. हवेच्या दहा लाख भागांत या गॅसचे दहा भाग झाले की आपला मीटर ओरडायला लागतो. शंभराच्या आसपास गेलं की थोड्याच वेळात नाक बधिर होतं आणि वास येणं थांबतं. पाचशे-सातशेच्या पुढे माणूस काही मिनिटांत कोसळतो, हजाराला तर एक-दोन श्वासांत. वास आला आणि आपोआप गेला, तर समजायचं की आता बोलण्यापुरता वेळ आहे, बादलीपुरता नाही."

पोरगा वाचला तो वरच्या माणसामुळे. तो ठेकेदाराकडचाच एक वयस्कर मजूर, शाळा चौथीपर्यंत. बाकी सगळ्यांनी सहा दिवसांत दोर बांधणं सोडून दिलं होतं, कारण वाकताना तो पायात येतो. हा मात्र "दोर नाही तर मी इथे बसणार नाही" म्हणून अडून बसायचा, आणि पोरं त्याला हसायची. त्याने दोर हलवून बघितला, खालून उत्तर नाही. त्याने ट्रायपॉडची विंच फिरवायला घेतली. तेवढ्यात बादली ओढणारा दुसरा पोरगा खाली उतरायला निघाला, मित्रच होता ना त्याचा. म्हाताऱ्याने त्याची कॉलर धरून त्याला मागे आपटलं आणि म्हणाला, "विंचला हात लाव, खाली एक बास हाय." पोरगा चार दिवस दवाखान्यात होता. नंतर तो कारखान्यात परत आला नाही.

"म्हाताऱ्याने कॉलर धरली नसती तर दोन गेले असते," काका म्हणाले. "पहिल्याला बाहेर काढायला म्हणून दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा. आणि प्रत्येकाला वाटतं की मी श्वास धरून पटकन जाऊन येतो. पन्नास-साठ किलोचं माणूस शिडीवरून वर आणताना श्वास धरता येत नाही."

मग ते चौकशीबद्दल बोलले आणि सभागृहात जरा अस्वस्थता पसरली. एमडी साहेब घड्याळ बघायला लागले. चौकशीत रजिस्टर काढलं तेव्हा सगळे रकाने भरलेले होते, शेवटच्या चार दिवसांची वेळ एकसारखी, साडेआठ. साडेआठला तर काका बॉयलरपाशी होते. मीटरच्या पोटात स्वतःची नोंद राहते, ती काढली तर त्या सकाळी मीटर चालूच झाला नव्हता. काकांची एक पगारवाढ थांबली. "कमीच झालं," असं ते स्वतः म्हणाले.

"निष्काळजी माणूस मला लांबून ओळखू येतो, त्याला मी गेटवरूनच परत पाठवतो. माझी झोप उडवतो तो चांगला माणूस, ज्याचं सहा दिवस काही बिघडलं नाही. कारण ते सहा दिवस त्याला चुकीचं शिकवतात. तुमचा आता तिसरा-चौथा हंगाम असेल. सगळं येतं असं वाटायला लागलं असेल. नेमकं आता ऐका. मीटर तुमच्यासमोर तळापर्यंत सोडल्याशिवाय उतरू नका. नळी कुठपर्यंत गेली ते डोळ्यांनी बघा. गाळ हलवायचा असेल तर मीटर छातीला अडकवून आत न्या, सकाळचा आकडा सकाळपुरता. आणि दोर कुणाच्या हातात आहे त्याचं नाव माहीत असू द्या. सुपरवायझर रागावला तर रागावू दे. मीही रागावलो असतो."

एवढं बोलून ते बसले. टाळ्या जरा उशिराच वाजल्या.

आता माझ्याबद्दल. घरी येऊन मी माझी जुनी कात्रणं काढली. या धंद्यात मला वीसेक वर्षं झाली. टाकीत, विहिरीत, शौचालयाच्या खड्ड्यात गुदमरून गेलेल्यांच्या बातम्या मीही लिहिल्यात. जवळजवळ प्रत्येकीत "दुर्दैवी घटना" हे दोन शब्द आहेत. "सहकाऱ्याला वाचवण्यासाठी उतरलेल्या दुसऱ्याचाही मृत्यू" ही ओळ तर जणू आदल्या बातमीतून उचलून ठेवलेली. परमिट होतं का, तपासणी किती वाजता झाली, मीटरची नोंद कुठे आहे, दोर कुणाच्या हातात होता, यातलं काहीही मी कधीच विचारलं नाही. पोलीस ठाण्यातून मयतांची नावं आणि वयं घेतली की माझी बातमी तयार असायची. काकांनी टेबलावर बसून आकडे उतरवले, मी टेबलावर बसून शब्द उतरवले. त्यांचा पोरगा निदान वाचला.

यापुढे अशी बातमी माझ्याकडून गेली आणि त्यात हे चार प्रश्न नसले, तर खाली कमेंटमध्ये मला विचारा. हक्काने विचारा.

आणि एक काम तुमच्यासाठी. आपल्या भागातली बरीच पोरं सध्या कारखान्यांच्या ओव्हरहॉलिंगला रोजंदारीवर जातात. तुमच्या घरातला, गल्लीतला कुणी जात असेल, तर आज रात्री जेवताना त्याला एवढंच विचारा: "तू टाकीत उतरतोस तेव्हा वर दोर कोण धरतं?" नाव सांगता आलं तर ठीक. "असतं की कुणीतरी" असं उत्तर आलं, तर उद्या सकाळी त्याला कामावर सोडायच्या आधी ही गोष्ट सांगा.