ताळेबंदावरचा अंगठा

जुन्या घरातील पेटारा रिकामा करताना पुतण्याला एक कागद सापडला, आणि त्याचे छायाचित्र त्याने मला मोबाईलवर धाडले. त्या पिवळट, मधोमध घडी मोडलेल्या कागदावरचे टपोरे अक्षर अण्णांचे आहे, हे ओळखायला मला क्षणही लागला नाही. तो आमच्या कऱ्हाडच्या किराणा दुकानाचा 1963 च्या दिवाळीचा ताळेबंद होता. मात्र कागद धरताना चिरंजीवांचा अंगठा नेमका भांडवलाच्या रकमेवर आला होता.

उजवीकडे मालमत्ता आणि येणी होती: दुकानातील शिल्लक माल 6,200 रुपये, गिऱ्हाइकांकडील उधारी 1,840, फडताळे व तराजू मिळून 900, आणि गल्ल्यातील रोकड 510, एकूण 9,450. डावीकडे घाऊक व्यापाऱ्यांचे देणे 2,600, पतपेढीचे कर्ज 1,500, त्याखाली तो अंगठा, आणि तळाशी पुन्हा 9,450. जमा डावीकडे मांडण्याचा आपल्या देशी वहीचा रिवाज इंग्रजी ताळेबंदाच्या रिवाजाशी आपसूक जुळत होता. युरोपातील इतर देशांत बाजू उलट मांडतात, पण त्याने हिशेबात काडीचाही फरक पडत नाही.

लहानपणी या भांडवलाने मला फार छळले होते. पैसा आपला, दुकान आपले, आणि तरीही ती रक्कम कर्जाच्या रांगेत का, असे मी विचारले तेव्हा अण्णा म्हणाले, "अरे, ही वही माझी नव्हे, दुकानाची. दुकानाच्या दृष्टीने मीसुद्धा एक सावकारच. फक्त सगळ्यांचे देऊन झाल्यावर उरेल ते घ्यायचे, एवढाच माझा हक्क." पुढे हिशेबनीस म्हणून उभी हयात घालवताना अनेक जाडजूड ग्रंथ चाळले, पण याहून सुबोध व्याख्या मला आढळली नाही. मालक आपले भांडवल मोजत नाही, ते उरते. म्हणूनच दोन्ही बाजू जुळतात, यात दैवी चमत्कार काही नाही: उजवी बाजू दुकानाजवळ काय आहे ते सांगते, आणि डावी बाजू त्याच ऐवजावर कोणाचा किती दावा आहे ते सांगते. अंगठ्याखालची रक्कम मी तोंडीच काढली: 9,450 मधून 4,100 वजा जाता 5,350. वर्षारंभीचे 4,950, त्यात नफा 1,900, आणि घरखर्चासाठी केलेली 1,500 ची उचल वजा, अशी तिची उपपत्ती त्याच कागदाच्या पाठीमागे लिहिली होती, हे त्याने धाडलेल्या दुसऱ्या छायाचित्रात दिसले.

त्या वर्षीची रात्र मला आठवते. नव्या वह्यांचे पूजन दुसऱ्या दिवशी होते आणि उजवी बाजू 360 रुपयांनी कमी भरत होती. मी रोकड पुन्हा मोजायला निघालो, तर अण्णांनी मला थांबवले. फरकाला नवाने भाग जातो, तेव्हा बहुधा कुठेतरी आकडे उलटसुलट पडले आहेत, असे त्यांचे अनुमान होते. खतावणीतील 1,840 तेरजेत 1,480 होऊन बसले होते. (फरक सम असेल तर त्याची निम्मी रक्कम शोधावी, कारण ती चुकीच्या बाजूस पडलेली असू शकते, हेही त्यांनी त्याच रात्री शिकवले.)

पण बाजू जुळल्या म्हणजे हिशेब खरा, असे मानणारा मनुष्य दिवाळखोरीच्या वाटेवर असतो, हे मला नोकरीतच उमगले. मालाची पोती वखारीत मोजली गेली आणि त्यांचे बिल वहीत चढलेच नाही, तर नफा फुगतो, भांडवल फुगते, आणि दोन्ही बाजू निरागसपणे समान राहतात. बुडीत उधारीचेही तसेच. त्या 1,840 मध्ये गाव सोडून गेलेल्या एका विणकराकडचे 340 रुपये होते, जे येण्याची आशा कोणालाच नव्हती. ते सोडून दिले असते तर उजवीकडे 9,110 उरले असते आणि तेवढाच घाव भांडवलाला बसला असता, कारण व्यापारी वा पतपेढी विणकरासाठी एक पैही सोडणार नव्हती. अण्णांनी ते नाव वर्षानुवर्षे पुढच्या वहीत ओढले. आपले वडील भावनेपोटी हिशेबाला फसवीत होते, असा माझा कित्येक वर्षांचा ग्रह होता.

पुतण्याला मी लिहिले, "अंगठा काढून पुन्हा छायाचित्र पाठव." संध्याकाळी ते आले. भांडवल 5,350, शाईने, अपेक्षेप्रमाणे. आणि त्याच्या शेजारी, मोठे करून पाहिल्याशिवाय दिसू नये इतक्या फिकट शिसपेन्सिलीने, 5,010.