रिकामी जागा आणि भरलेला अर्थ

गेल्या सत्रातील स्वाध्याय तपासताना वाक्प्रचारांच्या प्रश्नावर माझी लेखणी थबकली. प्रश्न मीच तयार केला होता : ‘ऐन लग्नाच्या सकाळी आचाऱ्याने ——, मुलीच्या वडिलांची तारांबळ उडाली.’ अपेक्षित उत्तर होते ‘हात वर केले’. एका विद्यार्थिनीने लिहिले होते ‘हात टेकले’. मी चुकीची खूण केली.

व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही उत्तरे रिकाम्या जागेत नेमकी बसतात. कर्ता तृतीयेत आहे आणि क्रियापद ‘हात’ या अनेकवचनी कर्माप्रमाणे चालते. फरक आहे तो अर्थाचा. ‘हात टेकणे’ म्हणजे सर्व प्रयत्न करून हतबल होणे; ‘हात वर करणे’ म्हणजे जबाबदारी झटकणे. पहिल्यात आधीचे प्रयत्न गृहीत असतात, दुसऱ्यात नसतात. म्हणून ‘चार डॉक्टरांनी उपचारांची शर्थ केली आणि अखेर हात टेकले’ हे वाक्य योग्य ठरते. तेथे ‘हात वर केले’ म्हटले, तर त्याच डॉक्टरांवर आरोप होतो.

पुढच्या संपर्कसत्रात ती विद्यार्थिनी उत्तरपत्रिका घेऊन आली. ती एका मंगल कार्यालयात काम करते. म्हणाली, “बाई, गॅस संपला, पाहुणे दुप्पट आले, तर आचारी तरी काय करणार?” मी वाक्य पुन्हा वाचले. आचाऱ्याने प्रयत्न केले की नाही, याविषयी त्यात एकही शब्द नव्हता. वडिलांची तारांबळ तर दोन्ही प्रसंगी उडणारच. उणीव तिच्या उत्तरात नव्हती, माझ्या वाक्यात होती. मी गुण दिला आणि प्रश्न बदलला : ‘आगाऊ रक्कम घेऊनही, “माझा काही संबंध नाही” असे म्हणून आचाऱ्याने ——.’ आता ‘हात टेकले’ जागेत बसते, अर्थात बसत नाही.

मात्र प्रत्येक वेळी दोष प्रश्नाचा नसतो. ‘मोजके बोलणारा’ या शब्दसमूहासाठी त्याच स्वाध्यायात अनेकांनी ‘अबोल’ लिहिले. ‘—— अध्यक्षांनी दोन वाक्यांत निर्णय सांगितला’ यात तो शब्द खटकतही नाही. परंतु ‘मित’ म्हणजे मोजलेले; मितभाषी माणूस बोलतो, पण मोजून. ‘अबोल’ हा शब्द बोलण्याचीच उणीव सांगतो. मोजण्याचा भाव त्यात येत नाही. येथे शब्दसमूहच अर्थ बांधून देतो, म्हणून ते उत्तर मी ग्राह्य धरले नाही.

तेव्हा उत्तर लिहिल्यावर आपण एक पडताळा अवश्य घ्यावा. वाक्प्रचार काढून त्या जागी त्याचा पूर्ण अर्थ लिहावा आणि वाक्य पुन्हा वाचावे. ‘सर्व प्रयत्न करून हतबल झाला’ हे शब्द वाक्यातील इतर तपशिलांशी भांडू लागले, तर उत्तर बदलावे. ते भांडत नसतील आणि तरीही गुण गेला असेल, तर त्या विद्यार्थिनीप्रमाणे उत्तरपत्रिका घेऊन यावे.