मेसेजच्या चौकटीतली फिकट ओळ

नांदेड-लातूरकडून मला येणारा पहिला मेसेज बहुधा एवढाच असतो: "डॉक्टरसाहेब, ताप आहे." कुणाला, किती दिवसांपासून, कोणती गोळी चालू आहे, हे विचारण्यातच वेळ जातो. यात पेशंटचा दोष नाही. चौकटीत "तुमचा संदेश लिहा" एवढंच असेल, तर तो आणखी काय लिहिणार?

म्हणून तिथे फिकट अक्षरांत मी नमुना दिला: "वय ५२, ३ दिवसांपासून ताप, काल १०२, शुगरची गोळी चालू." पण पहिलं अक्षर टाइप करताच ही ओळ पुसली जाते. म्हणून चौकटीखाली तीन बटणंही आहेत: 'किती दिवस', 'चालू गोळ्या', 'जुने आजार'. बटण दाबल्याने मेसेज जात नाही. चौकटीत "त्रास ___ दिवसांपासून आहे" असं अर्धं वाक्य उमटतं. रिकामी जागा तुम्ही भरायची. ती तशीच ठेवून मेसेज येऊ लागले, तर ते वाक्य बदलायला हवं, असं मी समजतो.

'छातीत दुखतंय' असं बटण मात्र मुद्दाम ठेवलेलं नाही. तेव्हा लिहीत बसू नका, लगेच १०८ला फोन करा. ही सूचना चौकटीच्या वर, न पुसणाऱ्या ठळक अक्षरांत आहे.